अर्धा पत्ता

तुळसाबाई गेल्याचं कळलं तेव्हा उकंडा हडंब्याखाली पाठीवर पडून ग्रीस भरत होता. हडंबा म्हणजे ट्रॅक्टरला जोडून चालणारं सोयाबीनचं मळणीयंत्र. ढाणकीच्या आसपासच्या खेड्यांत उकंडाचा हडंबा सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण तो जुना होता आणि ऐन कामात बंद पडत नसे. सुगीला अजून बराच अवकाश होता, पण घरात बसवत नव्हतं म्हणून तो यंत्राखाली शिरला होता. तुळसाबाई नांदेडला दवाखान्यात होती आणि मुलगा धम्मदीप तिच्याजवळ होता. आदल्याच दिवशी उकंडा तिला भेटून आला होता. ती म्हणाली होती, "जा तुम्ही घरी. अठी काय करता, नुसते नर्सबाईच्या पायात येऊन राह्यले."

सून शीला अंगणात येऊन उभी राहिली. उकंडाला यंत्राखालून तिचे फक्त पाय दिसले. पाय हलेनात आणि ती काही बोलेना. तेवढ्यावरून त्याला समजलं. राहिलेल्या बेअरिंगला त्यानं ग्रीस भरलं, हात पुसले आणि मग बाहेर आला. लोक नंतर म्हणाले, बायको गेली तरी हा ग्रीस भरत होता. शीला तसं कधी म्हणाली नाही. बाहेर आल्यावर उभं राहावं लागणार होतं आणि सासऱ्याला थोडा वेळ अजून पडून राहायचं होतं, हे तिला दिसलं होतं.

त्यानंतर उकंडाची झोप गेली. तुळसाबाई घोरायची. लग्न झाल्यापासून तो त्या आवाजाला नावं ठेवत आला होता आणि त्याच आवाजात झोपत आला होता. आता घर चिडीचूप असायचं. तो पडून राहायचा, उठून पाणी प्यायचा, अंगणात जाऊन ट्रॅक्टरच्या चाकावर हात ठेवून यायचा. जेवत होता, चार लोकांत बसत होता, शीलाच्या हातच्या भाकरीला बरं म्हणत होता. झोपेचं मात्र कोणाला सांगितलं नाही. बायको मेल्यावर झोप लागत नाही, यात सांगायचं काय, असं त्याला वाटे.

दसरा झाला आणि सुगी लागली. उकंडाला हायसं वाटलं. सोयाबीन कापून वावरात सुड्या, म्हणजे पेंढ्यांच्या गंजी, लागल्या की हडंब्याला उसंत नसते. एकाचं वावर झालं की दुसऱ्याचं. देवसिंग दरवर्षी त्याच्याबरोबर असे. तो जवळच्या तांड्यावरचा, हडंब्याच्या तोंडाशी उभा राहून आत पेंढ्या घालण्यात तरबेज. त्याची बायको नलू खालून पेंढ्या उचलून देई. बाकी दोन-चार बाया-माणसं सुडी मोडायला आणि पोती भरायला.

सोयाबीनचा फुफाटा वाईट असतो. कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, उडतं, ते नाकात जातं, मानेवर चिकटतं आणि खाज सुटते. उकंडाला दरवर्षी शिंका येत. तुळसाबाई सकाळी दुपट्टा ओला करून पिळून त्याच्या खांद्यावर टाकायची आणि सांगायची, नाकावरून काढू नका. तो काढायचा, ती पुन्हा सांगायची. यंदा दुपट्टा कोरडाच राहिला. तिसऱ्या दिवशी उकंडाचे डोळे सुजले, नाक वाहायला लागलं आणि मानेला पुरळ आलं.

तो ढाणकीला मेडिकलवर गेला. दुकान राखीचं. तिनं औषधांचं शिक्षण घेतलेलं, लायसन तिच्या नावाचं. ती जेवायला घरी गेली होती आणि गल्ल्यावर तिचे सासरे रामराव बसले होते.

"काय पाह्यजे, उकंडाभाऊ?"

"शिंका अन् खाज. सोयाबीनचं."

"सगळ्या गावाले तेच झालं," म्हणत रामरावांनी पिवळ्या गोळ्यांचा पत्ता काढला, कात्रीनं मधोमध कापला, अर्धा पुडीत टाकून दिला आणि अर्धा परत खोक्यात ठेवला. "सकाळ, दुपार, रात्री. काही खाऊन घेजा."

त्या रात्री उकंडाला झोप लागली. अशी लागली की शीलानं सकाळी हाक मारून उठवलं. शिंकाही थांबल्या. त्याला बरं वाटलं, आणि थोडं अपराध्यासारखंही वाटलं. एवढ्यात झोप यायला लागली, म्हणजे आपण तिला विसरायला लागलो की काय. पण झोप गोड होती. संपल्यावर त्यानं आणखी गोळ्या आणल्या. पुन्हा दुपारीच गेला, पुन्हा अर्धाच पत्ता मिळाला.

झोप रात्रीपुरती राहिली नाही. सकाळी डोकं जड असे, जसं कोणी आत ओलं पोतं ठेवलं आहे. दुपारी ट्रॅक्टरच्या शिटावर बसून इंजिनाचा आवाज ऐकता ऐकता पापण्या मिटत. देवसिंगनं ओरडून काही सांगितलं तर ते कानात शिरून समजायला वेळ लागे. उकंडानं मनाशी ठरवून टाकलं की हे तुळसाचं दुःख आहे. इतके दिवस दाबून ठेवलं, आता अंगावर आलं.

मग तो दिवस आला. भगवानरावांच्या वरच्या वावरातलं काम आटोपून हडंबा खालच्या वावरात न्यायचा होता. वाट ओळखीची, बैलसुद्धा एकटा गेला असता. उन्हं उतरली होती. उकंडा ट्रॅक्टरवर, मागे हडंबा, आणि बाकीचे पायी. वळणावर ट्रॅक्टर वळलाच नाही. तो सरळ धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चढला, एक चाक उचललं गेलं आणि बाभळीच्या बुंध्याला टेकून थांबला. त्या बाभळीपलीकडे नाला होता. देवसिंग धावत गेला तर उकंडा स्टेअरिंग धरून बसलेला, डोळे उघडे.

"उकंडाभाऊ, झोपलते काय?"

"नाई," उकंडा म्हणाला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "मले नाही मालूम."

कोणाला लागलं नाही. पण संध्याकाळी घरी बैठक झाल्यासारखी माणसं जमली. भगवानराव स्वतः आले. चांगला माणूस. त्यांची मोठी शेती, आणि त्यांच्या वडिलांपासून मळणी उकंडाकडेच.

"उकंडा, राग मानू नको," ते म्हणाले. "बाई गेल्यावर माणसाचं ध्यान उडते. माझ्या काकाचं असंच झालतं. उभ्या उभ्या हरवून जायचे. यात तुझा काही दोष नाही."

"बाबा, चाबी द्या," धम्मदीप म्हणाला. त्याचं ढाणकीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. "एवढी सुगी मी चालवतो. मग पाहू."

"मग काय पाह्यतं?"

धम्मदीपनं खाली पाहिलं. भगवानरावांनी ते बोलून दाखवलं. "सुगी झाली की ट्रॅक्टर-हडंबा विकून टाकायचा म्हणते तो. घेणार मीच आहो, परका नाही. तू आरामात राहा. विहारात जा, नातवंडांत बस."

उकंडानं खिशातून चाबी काढली आणि शीलाच्या हातात दिली, मुलाच्या नाही. भगवानरावांवर त्याला राग नव्हता. त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला होता. चाक वर उचललं गेलं तो क्षण त्याला आठवतच नव्हता. जे आठवतच नाही त्याबद्दल माणूस काय भांडणार? ट्रॅक्टर गेला की तो गावात कोण उरणार होता, तेही त्याला दिसत होतं. तुळसाचा नवरा तो आता नव्हता, आणि हडंबेवाला उकंडाही राहणार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून तो वावरात जाऊन बसू लागला. हात रिकामे नकोत म्हणून पोत्यांची तोंडं शिवायचा. धम्मदीप ट्रॅक्टर चालवायचा तसा, पण क्लच दाबला की यंत्र खाकरायचं आणि बाया हसायच्या.

"मोबाइलसारखं बोटानं सरकवते का काय रे," नलू ओरडायची.

"तुम्ही पेंढ्या द्या, काकू."

"देते न. तुहा बाप चालवत होता तं पेंढी आपल्या पायानं जायची आत."

उकंडाला ते ऐकून बरं वाटायचं आणि वाईटही. गोळी तो घेतच होता. शिंका नकोत आणि रात्रीची झोप हवी. दिवसभर तो पोत्याला टेकून पेंगायचा, आता त्याला अडवायचं कारण नव्हतं.

देवसिंगलाही त्या आठवड्यात फुफाट्यानं धरलं. शिंकांमुळे पेंढी हातातून सुटायला लागली. सकाळी उकंडानं खिशातली पुडी काढली. "घे एक. मले उतार पडला. अन् हे दुसरी दुपारच्या भाकरीवर घे." देवसिंगनं दोन्ही घेतल्या. सकाळची सकाळी, दुपारची दुपारी. सांगितलेलं तंतोतंत करणारा माणूस.

जेवणानंतर यंत्र सुरू झालं. देवसिंग तोंडाशी उभा राहिला. नलू खालून पेंढ्या देत होती. थोड्या वेळानं तिनं दिलेली पेंढी वर तशीच राहिली. तिनं दुसरी धरली तरी घेईना. तिनं मान वर केली. देवसिंग उभाच होता, दोन्ही हातांत पेंढी धरून, आणि हळूहळू पुढे झुकत होता. डोळे मिटलेले. गळ्यातला दुपट्टा यंत्राच्या तोंडावर लोंबत होता.

नलूनं हातातलं टाकलं, त्याच्या शर्टाला मागून धरलं आणि होतं तेवढं बळ लावून ओढलं. दोघंही कुटारात पडली. धम्मदीपनं ट्रॅक्टर बंद केला. हडंब्याचं चाक आपल्या वेगानं फिरत फिरत थांबलं. थांबायला बराच वेळ लागला.

देवसिंगला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो कुटारात बसला, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "काय झालं?" कोणी उत्तर द्यायच्या आत त्यानं कुटारावर डोकं टेकलं आणि झोपला. खरोखर झोपला. घोरायलासुद्धा लागला.

भगवानराव धुऱ्यावरून आले. "पेला का हा भरदुपारी?"

"आज नाही पेले," नलू म्हणाली. "पेल्यावर हे गाणं म्हणतात, झोपत नाही." मग ती नवऱ्याजवळ बसली आणि त्याला हलवू लागली. "अहो. ओ. उकंडाभाऊची बायको मेली म्हणून ते पेंगून राह्यले. मी काय मेली? मी तं ही उभी आहो. तुम्ही कायले झोपून राह्यले?"

दोन बाया हसल्या. उकंडा हसला नाही. त्याच्या हातातला दाभण तसाच राहिला. नलूचं म्हणणं त्याच्या जड डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, पण शिरलं आणि तिथेच बसलं. देवसिंगची बायको जिवंत होती. देवसिंगला कसलंच दुःख नव्हतं, उलट परवाच त्याला नातू झाला होता. मग देवसिंग त्याच्यासारखाच का झोपला? दोघांत सारखं काय होतं?

त्यानं खिशातून पुडी काढली.

"शीले," तो म्हणाला. शीला शिदोरी घेऊन आली होती आणि भांडी गोळा करत होती. "हे वाच बरं."

शीलानं उरलेला तुकडा उलटसुलट केला. मागच्या चकाकत्या कागदावर बारीक इंग्रजी अक्षरं होती आणि ती कात्रीशी येऊन तुटत होती. "मामाजी, यावर औषधाचं नाव आहे, अर्धं. अन् खाली लाल अक्षरात काही तरी सुरू होते, पण शब्द कापला गेला. 'वॉर्निंग' एवढं लागते. म्हणजे सूचना. कायची, ते पुढच्या तुकड्यावर असन."

"पुढचा तुकडा कोठी आहे?"

"मेडिकलवर."

उकंडा उठला आणि धम्मदीपच्या मोटरसायकलकडे निघाला. तिच्याजवळ जाऊन थांबला. सकाळची आणि दुपारची अशा दोन गोळ्या त्याच्याही पोटात होत्या. "तू चालव," तो मुलाला म्हणाला. "मी मांगं बसतो. अन् हडंब्याले कोणी हात लावू नका." कित्येक दिवसांत तो असा हुकमानं बोलला नव्हता.

राखी दुकानात होती. उकंडानं तुकडा काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. बाभूळ, नाला, देवसिंग, दुपट्टा. राखी ऐकता ऐकता खोक्यात हात घालत होती. तिनं कापलेला पत्ता बाहेर काढला आणि उकंडाच्या तुकड्याला जोडून पाहिला. जुळला नाही. दुसरा काढला. कात्रीची रेघ रेघेला लागली आणि अक्षरं पूर्ण झाली.

तिनं मराठीत वाचलं. "सूचना. या औषधानं झोप येऊ शकते. गाडी चालवू नये, यंत्र चालवू नये."

रामराव आतून येऊन उभे राहिले होते.

"उकंडाभाऊनं शिंकांची मागतली तं म्या शिंकांचीच दिली," ते म्हणाले.

"बाबा, गोळी बरोबरच आहे," राखी म्हणाली. "पण वाचायचं तेवढं आपल्याच खोक्यात राह्यलं." मग उकंडाकडे वळून म्हणाली, "काका, पत्ता अर्धा असला तं माणूस पोचन कोठी? तुमचा ट्रॅक्टर पोचला न बाभळीपाशी."

उकंडाला हसू आलं. कधीपासून आलं नव्हतं तसं, पोटातून.

"म्हणजे हे मले दुःखानं नाही झालं?"

"दुःख असन. पण भरदिवसा स्टेअरिंगवर डोळे मिटवणारी हे गोळी आहे. हे शिंकांचं जुन्या पद्धतीचं औषध. नाक सुकवते, खाज थांबवते, अन् डोक्याले गुंगी आणते. काहीले जास्त, काहीले कमी. तुम्ही दिवसातून तीनदा घेत होते. रातच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राह्यते, त्यावर सकाळची पडते. उतरायले वेळच कोठी भेटला?"

"पण मी तं काही वेळा जागाच होतो," उकंडा म्हणाला. "डोळे उघडे होते. देवसिंगनं पाह्यलं."

"ते तं जास्त खराब. झोप आल्यासारखं वाटत नाही, पण हात उशिरा हलते, ब्रेकवर पाय उशिरा जाते. आपल्याले वाटते आपण ठीक आहो. म्हणून लिहितात, चालवूच नका. अन् वरून कोणी दारू घेतली तं दुप्पट."

धम्मदीप म्हणाला, "पण देवसिंगकाका तं यंत्र चालवत नाहीत. चालवतो मी. ते नुसते पेंढ्या घालतात."

"अन् यंत्राच्या तोंडाशी कोण उभं असते?" राखीनं विचारलं. "तू का ते?"

"ते," धम्मदीप म्हणाला. वावरात कोणालाही विचारलं असतं तर त्यानं हेच सांगितलं असतं, की यंत्र चालवणारा म्हणजे ट्रॅक्टरवर बसणारा. देवसिंगनं पूर्ण पत्ता स्वतः वाचला असता तरी ती सूचना उकंडाभाऊसाठी आहे असंच तो समजला असता. राखी म्हणाली, हडंबा, कडबा कापायची मशीन, पिठाची चक्की, विहिरीच्या काठावरचं काम, जिथं डुलकी लागली तर हात-पाय जाईल ते सगळं त्या एका शब्दात येतं.

रामरावांनी कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. "आता सगळा पत्ताच देत जाऊ का?"

"ज्याले चार लागतात त्याले चारच द्या. पण पुडीवर लिहून द्या, झोप येते, गाडी-मशीन नाही म्हणून. मराठीत. अन् मी नसली तं मले फोन करा." तिनं उकंडाचा तुकडा मागून घेतला. "हे तुमच्याजवळ नको. अन् कोणालेही आपली गोळी देत जाऊ नका, काका. प्रेमानं दिली तरी."

"नाही देत," उकंडा म्हणाला.

तिथून ते सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बाहेर रांग होती, पण त्यांनी नीट तपासलं. छाती पाहिली, पुरळ पाहिलं, आणखी काही औषध चालू आहे का ते विचारलं. मग दुसरी गोळी लिहून दिली, दिवसातून एकच, रात्री. हिच्यानं झोप बऱ्याच कमी लोकांना येते, त्या म्हणाल्या, पण येतच नाही असं नाही. म्हणून जुन्या गोळीचा अंमल उतरेपर्यंत आणि नवीचे पहिले दोन-तीन दिवस ट्रॅक्टरवर बसायचं नाही. अंग कसं राहतं ते पाहायचं. डोकं हलकं राहिलं तरच चाबी हातात घ्यायची. आणि गोळी असो-नसो, नाकाला मास्क किंवा ओला दुपट्टा हवाच. देवसिंगलाही घेऊन या.

"अन् झोप?" उकंडानं विचारलं. मुलगा शेजारी होता, तरी विचारलं. "त्या पिवळ्या गोळीनं रातची झोप येत होती, बाई. बायको गेल्यापासून तेवढीच आली."

धम्मदीपनं बापाकडे पाहिलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवला. "ती गोळी झोपेसाठी नाही. झोप येत नाही हे वेगळं दुखणं आहे, त्यासाठी वेगळं या. रांग नसते तेव्हा, चारनंतर. बसून बोलू."

"येतो," उकंडा म्हणाला.

ते वावरात परत आले तेव्हा देवसिंग उठून बसला होता. नलू त्याला पाणी पाजत होती आणि बोलत होती. उकंडानं जाऊन त्याच्यासमोर हात जोडले. देवसिंगनं ते हात धरून खाली केले.

"राहू द्या, उकंडाभाऊ," तो म्हणाला. "अशी झोप तं मले लग्नाच्या आधीपासून नव्हती लागली."

"ऐकलं का," नलू म्हणाली. "वाचवलं मी, अन् गुण गोळीचे."

भगवानराव धुऱ्यावर बसून होते. सगळं ऐकून घेतल्यावर ते बराच वेळ काडीनं माती उकरत राहिले. "म्हणजे माझ्या काकालेही कोणी अशीच गोळी देत होतं की काय कोण जाणे," ते म्हणाले. विकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि धम्मदीपनंही काढली नाही. उरलेला दिवस काम बंद ठेवलं. देवसिंगच्या जागी दुसरा माणूस घेऊ, असं कोणीतरी म्हणालं, पण चार दिवस थांबायला भगवानरावांची हरकत नव्हती. आभाळ कोरडं होतं आणि सुडीवर ताडपत्री होती.

ते चार दिवस उकंडानं घरी काढले. पहिल्या रात्री झोप आली नाही. पण सकाळी डोक्यातलं ओलं पोतं गेलं होतं. चहा चहासारखा लागला. शेजारच्या घरातली बाई पोराला शिव्या देत होती ते शब्दन् शब्द ऐकू आलं. अंगणात जाऊन त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि मागच्या चाकात हवा कमी आहे हे त्याला लांबूनच दिसलं. गेले कित्येक दिवस ती कमीच होती.

शीलानं शेवटी चाबी आणून दिली, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून. "मामाजी, हे नाकावरून काढायचं नाही."

"हो," तो म्हणाला आणि दाराबाहेर पडेपर्यंत तरी त्यानं काढला नाही.

वाटेवरच्या त्या वळणाला त्यानं ट्रॅक्टर हळू केला. बाभळीच्या बुंध्यावर साल निघाल्याची खूण होती. तो नीट वळला. मागून देवसिंग आणि नलू पायी येत होती आणि कशावरून तरी भांडत होती. वावरात पोचल्यावर त्यानं हडंबा सुडीला लावला, शाफ्ट जोडला आणि सगळ्यांना मागे सरायला लावलं. देवसिंग तोंडाशी चढायला लागला तसा उकंडानं त्याला थांबवलं.

"रातीची गोळी कोणती घेतली?"

"डॉक्टरीणबाईची. एकच."

"डोकं?"

"साफ."

"दुपट्टा काढ गळ्यातला. नाकाले मास्क लाव."

"तुमचा तं आहे गळ्यात."

"मी ट्रॅक्टरवर आहो, यंत्राच्या तोंडाशी नाही. काढ."

देवसिंगनं काढला आणि नलूच्या अंगावर फेकला. यंत्र सुरू झालं. दाणे खालच्या घमेल्यात पडायला लागले आणि कुटार दुसऱ्या बाजूनं उडायला लागलं. धम्मदीप थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "बाबा, हा क्लच तुमचंच ऐकते," आणि दुकान उघडायला ढाणकीला गेला. नलूनं मागून ओरडून त्याला मोबाइलवरून काही ऐकवलं, ते इंजिनाच्या आवाजात गेलं.

भगवानरावांची सुडी निघाली. त्यानंतर आणखी चार घरची निघाली. उकंडाला एकदाही डुलकी लागली नाही, आणि दुपारी बाया आराम करत तेव्हा तोही झाडाखाली टेकून त्यांच्या गप्पा ऐकायचा, पूर्ण जागा. त्याला बरं वाटत होतं. रात्री मात्र तो अजून पडून राहतो आणि घराचा चिडीचूपपणा ऐकतो. डॉक्टरीणबाईंकडे चारनंतर जाऊन बसायचं अजून राहिलंच आहे.